उरलंय की नुसतं वाटतंय?

सकाळी साडेपाचला एकदा. चहा झाला की दुसऱ्यांदा. आंघोळीआधी तिसऱ्यांदा, आणि नाश्ता करून कपडे बदलले की घराबाहेर पडता पडता चौथ्यांदा. एक निवृत्त शिक्षक मला आपली सकाळ सांगत होते. वय एकसष्ट. चार वर्षांपासून हे चाललं होतं. एस.टी.चा लांबचा प्रवास त्यांनी सोडला होता आणि नातवाच्या मुंजीलाही ते गेले नव्हते, कारण कार्यालयातल्या एका संडासासमोर रांगेत उभं राहण्याची त्यांना धास्ती वाटत होती.

“डॉक्टर, पोट साफच होत नाही हो. आत काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. बसतो, कुंथतो, उठतो. उठलो की पुन्हा तेच.”

मी विचारलं, “गुरुजी, पहिल्या खेपेला नीट होतं ना? मग दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाहेर काय पडतं?”

ते थांबले. जरा आठवून म्हणाले, “तसं काहीच नाही. वारा सरतो. कधी शेंबडासारखं थोडं चिकट.”

पोट साफ न होण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारतो. अनेकांना तो अवघडल्यासारखा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘राहिलंय असं वाटणं’ आणि ‘खरोखर राहिलेलं असणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रुग्णाला आतून त्या अगदी एकसारख्या जाणवतात. उपाय मात्र वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला दिला तर त्रास वाढतो. गुरुजींच्या बाबतीत चार वर्षं तेच झालं होतं.

जाणीव अशी फसवते कशी, हे कळायला शरीराची थोडी रचना पाहावी लागेल. मोठ्या आतड्याचा शेवटचा बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. वरून मळ उतरला की त्याची भिंत ताणली जाते, ताणाची खबर मज्जातंतू मणक्याच्या खालच्या टोकाकडे आणि तिथून मेंदूकडे पोचवतात, आणि आपल्याला ‘लागते’. गुदद्वाराच्या तोंडाशी असलेली त्वचा फार तल्लख असते. वारा आहे की पातळ आहे की घट्ट, हे तिला ओळखता येतं. पण तिच्या वरचं गुदाशयाचं अस्तर तसं नाही. तिथे कापलं, टोचलं तरी फारसं कळत नाही. तिथल्या भिंतीला मुख्यतः एकच भाषा येते, ताणाची. हा ताण मळामुळे आहे, वाऱ्यामुळे आहे, अस्तराला आलेल्या सुजेमुळे आहे, की भिंत स्वतःच आवळली गेल्यामुळे आहे, हे तिला सांगता येत नाही. ती एवढंच कळवते की इथे काहीतरी आहे, आणि आपण त्याचा अर्थ ‘मळ उरलाय’ असा लावतो.

काही माणसांत ही खबर देणारी यंत्रणा अतिशय हळवी झालेली असते. १९७३ साली ‘गट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात रिची या संशोधकाने एक साधा प्रयोग मांडला होता. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला, तेव्हा निरोगी लोकांपैकी फक्त ६ टक्क्यांना दुखलं. आयबीएस म्हणजे आतड्याच्या चिडखोरपणाचा आजार असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना दुखलं. फुगा तोच आणि हवाही तेवढीच होती. अशा माणसाच्या गुदाशयात चमचाभर चिकट स्राव किंवा थोडा वारा असला तरी मूठभर मळ असल्यासारखी कळ येते. हा मनाचा खेळ आहे असं म्हणून त्याला घरी पाठवणं अन्यायाचं आहे. त्याला खरंच तसं जाणवत असतं, फक्त त्या जाणिवेचं माप चुकलेलं असतं.

उलटंही घडतं. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या गुदाशयात कधीकधी मळाचा घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्यांना लागल्याची जाणीवच होत नाही, कारण ताण सोसून सोसून भिंत बधिर झालेली असते. त्या गोळ्याच्या कडेने पातळ पाझरत राहतं, कपडे खराब होतात, आणि घरचे लोक जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. म्हणजे पोट गच्च भरलेलं आणि जाणीव शून्य. जाणीव आणि आतला साठा यांचा मेळ असतोच असं नाही, हे एकदा पटलं की पुढचं समजणं सोपं जातं.

गुरुजींनी या चार वर्षांत काय काय केलं होतं? रात्री सोनामुखी असलेलं एक चूर्ण, आधी एक चमचा, मग दोन. आठवड्यातून एकदा एरंडेल. सोनामुखी मोठ्या आतड्याला डिवचून आकुंचन पावायला लावते. त्यामुळे सकाळी पातळ होतं, पोटात मुरडा येतो, आणि आधीच हळव्या असलेल्या गुदाशयावर आवळण्याचा आणखी मारा होतो. ‘राहिलंय’ ही भावना त्याने वाढते. शिवाय जोराचा जुलाब झाला की मोठं आतडं एरवीपेक्षा जास्त रिकामं होतं आणि ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला झालं नाही तर ते अगदी स्वाभाविक असतं. गुरुजी मात्र त्याला बद्धकोष्ठ समजून पुन्हा चूर्ण घ्यायचे. आपल्याकडे ‘पोट साफ’ या शब्दांत आतडं धुतल्या भांड्यासारखं लख्ख व्हावं अशी कल्पना दडलेली आहे. तसं आतडं निरोगी माणसाचंही कधी नसतं. आज सकाळी आपण बाहेर टाकतो तेव्हा कालच्या जेवणाचा बराच भाग अजून वाटेत असतो. नाश्ता केल्यावर आतड्याला चालना मिळून त्यातला थोडा खाली उतरला आणि दुसऱ्यांदा व्यवस्थित झालं, तर तो राहिलेला मळ नसून पुढचा हप्ता आहे.

तपासणीआधी मी त्यांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. शिक्षकच ते, त्यांनी रेघा मारून रकाने पाडले. किती वाजता गेलो, किती मिनिटं बसलो, काय आणि साधारण किती बाहेर पडलं, खड्यासारखं की सालपट काढलेल्या केळ्यासारखं की पातळ, आणि उठल्यावर कसं वाटलं. चूर्ण त्या काळात बंद. चौदा दिवसांत त्यांच्या त्रेपन्न खेपा झाल्या होत्या. मळ पडला होता तो सोळा खेपांना, आणि त्यातल्या बहुतेक पहाटेच्या पहिल्या. उरलेल्या सदतीस खेपांत वारा, चिकट स्राव किंवा काहीच नाही. अशा रिकाम्या बैठकांत ते सरासरी बारा मिनिटं कुंथत होते. वही माझ्यासमोर ठेवताना ते स्वतःच म्हणाले, “मी रिकाम्या विहिरीत पोहरा सोडत होतो की काय?”

वही हे साधन कुणालाही घरी वापरता येतं आणि तिचा कौल बऱ्यापैकी भरवशाचा असतो. नंतरच्या खेपांना खरोखर मळ पडत असेल, तो पडल्यावर मोकळं वाटत असेल, बोट लावून किंवा एखादी जागा दाबून मळ काढावा लागत असेल, उठल्यावर तासाभरात कपड्याला डाग पडत असेल, तर आत खरंच राहतं अशी शंका घ्यावी. उलट मोठ्या प्रमाणात झाल्यावरही भावना तशीच, मऊ मळालाही कुंथावंसं वाटतं, पुढच्या खेपा कोरड्या, आणि कामात गुंतलं किंवा झोप लागली की भावना विरते, असं असेल तर संवेदनशीलतेकडे पारडं झुकतं.

पण वहीच्या आधारावर निदान पक्कं करायचं नसतं, आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गुदाशयाच्या भिंतीला फक्त ताण कळतो, हे वर आलंच आहे. म्हणून तिथे वाढलेली गाठही ‘मळ राहिलाय’ असाच निरोप देते. गुदाशयाच्या कर्करोगाचं हे एक जुनं, ओळखीचं लक्षण आहे, आणि आपल्याकडे ते मूळव्याधीच्या नावाखाली महिनोन्महिने झाकलं जातं. रक्त पडणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग असणं, यातलं काहीही असेल तर दुर्बीण घालून तपासणी आधी व्हायला हवी. ‘काका, मूळव्याधच आहे’ असं न तपासता कुणी म्हणालं तर ते मानू नये. अमीबाचा आजार, आतड्याची दीर्घकाळची सूज, सतत कुंथण्याने गुदाशयात पडलेली जखम, यांतही रक्त-आव आणि हीच भावना असते. गुरुजींना रक्त पडत नव्हतं, तरी वय लक्षात घेऊन मी दुर्बिणीची तपासणी केली. अस्तराचे तुकडेही तपासले. सगळं स्वच्छ होतं.

त्याआधी पहिल्याच दिवशी मी आणखी एक तपासणी केली होती. तिला यंत्र लागत नाही, फक्त हातमोजा आणि थोडी जेली लागते. गुरुजी शौचाला जाऊन आल्यावर, ‘अजून आहे’ ही भावना जोरात असतानाच, मी बोटाने गुदाशय तपासला. आत काही नव्हतं. अशा वेळी बोटाला मळ लागला तर राहिलंय, रिकामं असेल तर वाटतंय. बोट पोचतं तिथपर्यंतचा हा सरळ पुरावा असतो. त्याच वेळी रुग्णाला ‘शौचाला बसल्यासारखा जोर करा’ असं सांगितलं की स्नायूंचा स्वभावही कळतो. जोर करताना बोटाभोवतीची पकड सैल पडायला हवी. काहींची पकड उलट घट्ट होते. ही तपासणी लाजेपोटी रुग्ण टाळतात आणि घाईपोटी डॉक्टर टाळतात. आणि मग तीच माहिती मिळवायला हजारो रुपये खर्च होतात.

गुरुजींचं निदान पक्कं करायला मी त्यांना गुदाशयाचा दाब मोजण्याच्या तपासणीसाठी पाठवलं. तिला मॅनोमेट्री म्हणतात. बारीक नळीच्या टोकाला फुगा असतो, तो हळूहळू फुगवत रुग्णाला विचारत जातात: काही जाणवतंय का, लागलीय का, आता सहन होत नाही का? बहुतेकांना वीस-तीस मिलिलिटरच्या आसपास पहिली चाहूल लागते आणि दीडशेच्याही पुढे सोसवतं. प्रयोगशाळेप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. गुरुजींना दहालाच चाहूल लागली, तीसला जोराची लागली आणि सत्तरला ते “पुरे, पुरे” म्हणाले. मग दुसरी चाचणी: फुग्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरून, आडोशाला कमोडवर बसवून तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण मिनिटभरात तो पडायला हवा. गुरुजींनी वीस सेकंदांत टाकला. म्हणजे दार नीट उघडत होतं. दारावरची घंटाच कारण नसताना वाजत होती.

आता एका मावशींची गोष्ट, कारण त्यांचं म्हणणं शब्दशः गुरुजींसारखंच होतं. “आत राहतंय बघा.” वय बावन्न, तीन बाळंतपणं, तिन्ही घरीच. कोंडा, पपई, इसबगोल सगळं करून झालेलं. त्यांच्यासोबत सून होती. मी सुनेला बाहेर बसायला सांगितलं आणि परिचारिकेला जवळ बोलावून मावशींना विचारलं, “मावशी, मळ बाहेर यावा म्हणून कुठे हाताने दाबावं लागतं का?” त्या खूप वेळ जमिनीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या की पुढच्या बाजूने, योनीमार्गात बोट घालून मागे दाबलं की होतं. अकरा वर्षं त्या हे करत होत्या. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. आपण काहीतरी घाणेरडं करतो असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात त्यांच्या शरीराने स्वतःच शोधून काढलेला तो बरोबर उपाय होता, आणि त्या एका वाक्यात अर्धं निदान झालं होतं.

शौचानंतर तपासलं तेव्हा त्यांच्या गुदाशयात मळ होता. जोर करायला सांगितल्यावर पकड सैल पडायच्या ऐवजी आवळली गेली. गुदाशयाच्या खालच्या टोकाला पुढून येऊन मागून वळसा घालणारा एक स्नायूचा पट्टा असतो, अगदी गोफणीसारखा. तो आवळलेला असताना वाट कोनात मुडपलेली राहते, म्हणूनच एरवी आपला मळ आवरला जातो. शौचाच्या वेळी तो ढिला पडला की वाट सरळ होते. उकिडवं बसल्याने हा कोन आणखी उघडतो. मावशींची गोफण ढिली पडतच नव्हती. पाण्याचा फुगा त्यांना तीन मिनिटांत टाकता आला नाही. बेरियमची पेस्ट भरून, प्रत्यक्ष शौच करतानाचं क्ष-किरण चित्रण केलं तेव्हा दिसलं की जोर लावला की गुदाशयाची पुढची भिंत योनीमार्गाच्या बाजूला पिशवीसारखी फुगते आणि पेस्ट तिथेच अडकून राहते. या पिशवीला रेक्टोसील म्हणतात. लहानशी पिशवी बाळंतपण झालेल्या पुष्कळ बायकांत असते आणि तिचा काही त्रासही नसतो. चित्रात दिसली म्हणून शस्त्रक्रियेची घाई करायची नसते. तिच्यात पेस्ट अडकून राहणं आणि दाबल्यावर मोकळं होणं, या दोन्ही गोष्टी जुळल्या तर ती दोषी ठरते.

मावशींना मी इसबगोल कमी करायला सांगितलं. दार बंद असताना मागून गर्दी वाढवून काय होणार? मळ मऊ राहील एवढं पाणी ओढणारं साधं रेचक, ठरलेल्या वेळी ग्लिसरीनची सपोझिटरी, पायाखाली वीतभर उंचीचा पाट, आणि मुख्य म्हणजे बायोफीडबॅक. यात गुदद्वारातल्या दाबाची रेघ समोरच्या पडद्यावर दिसते. पोटाने जोर करताना खालचा स्नायू सैल सोडायचा, आणि जमलं की रेघ खाली येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. स्नायूंचा हा उलटा स्वभाव असणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या सात जणांना या शिकवणीचा चांगला उपयोग होतो. मावशींना सहा बैठका लागल्या. चौथ्या बैठकीत रेघ पहिल्यांदा नीट खाली आली तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढंच होय?” पिशवी अजून आहे. बोटाने दाबावं लागतं ते आता महिन्यातून एखाद्या वेळी, आणि त्याची लाज त्यांना वाटत नाही.

गुरुजींसाठी सगळं वेगळं. चूर्ण, एरंडेल कायमचं बंद. इसबगोल मात्र त्यांना दिलं, रात्री एक चमचा, पेलाभर पाण्यातून, दोन आठवड्यांनी दोन चमचे. त्याने मळ एकसंध होतो आणि तुकड्या-तुकड्यांनी गुदाशयाला टोचत राहत नाही. सगळ्यात अवघड पथ्य होतं ते उठण्याचं. पहिल्या खेपेला मळ पडला की पाच मिनिटांत उठायचं, भावना राहिली असली तरी. तासाभरात पुन्हा वाटलं तर लगेच धावायचं नाही, खुर्चीत बसून दहा मिनिटं थांबायचं. ही कळ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. कुंथत बसलं तर अस्तरात रक्त साठतं, ते सुजतं, आणि ती सूजच पुन्हा ‘काहीतरी आहे’ असं सांगते. म्हणजे कुंथण्यातूनच कुंथण्याचं कारण तयार होतं. सोबत मी त्यांना ॲमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री सुरू केली. मोठ्या मात्रेत हे औषध नैराश्यावर देतात, इतक्या लहान मात्रेत ते मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करतं. गुरुजींना हे आधीच सांगितलं, नाहीतर डबीवरचा कागद वाचून त्यांना वाटलं असतं की डॉक्टरांनी आपल्याला वेडं ठरवलं. या गोळीने मळ घट्ट होऊ शकतो, तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, हृदयाच्या ठोक्यांत दोष असेल तर ती चालत नाही. म्हणून लघवीची चौकशी आणि ईसीजी केल्यावरच ती दिली. मावशींना हीच गोळी दिली असती तर त्यांची अडचण वाढली असती.

पहिले तीन आठवडे गुरुजींना फार जड गेले. दोनदा त्यांनी फोन करून चूर्णाची परवानगी मागितली. सहाव्या आठवड्यात वहीतल्या खेपा दिवसाला दोनवर आल्या. चौथ्या महिन्यात ते एस.टी.ने पंढरपूरला जाऊन आले आणि प्रसादाची पुडी घेऊन दवाखान्यात आले. मी विचारलं, “आता वाटत नाही ना राहिल्यासारखं?”

“वाटतं की,” ते म्हणाले. “रोज सकाळी वाटतं. ओट्यावर बसून पेपर वाचतो. अग्रलेख संपेपर्यंत जातं.”